नॅनोच्या बुकिंगची वही

टाटा नॅनो का चालली नाही, या प्रश्नाला आता एक तयार उत्तर मिळतं: ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का लोकांना नको होता. उत्तर खोटं नाही, पण ते सगळं झाल्यावर सुचलेलं आहे. फसलेल्या मालाचा हिशेब तपासताना मला जास्त रस असतो तो याच्यात, की हे कंपनीला कधी कळू शकलं असतं? नॅनोच्या बाबतीत ते २००९च्या उन्हाळ्यातच कळण्यासारखं होतं. पुरावा बुकिंगच्या वहीतच होता.

पिंपरीच्या टाटा मोटर्समध्ये आकाराला आलेली ही गाडी १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात रतन टाटांनी लोकांसमोर आणली. एका स्कूटरवर आई-वडील आणि दोन मुलं कशीबशी बसून जातात, त्यांना परवडेल अशी सुरक्षित चारचाकी, ही त्यामागची कल्पना. किंमत एक लाख. प्रत्यक्ष विक्रीची सुरुवात मार्च २००९मध्ये मुंबईत जाहीर झाली आणि एप्रिलमध्ये बुकिंग उघडलं. अर्ज तीनशे रुपयांचा, मुदत सतरा दिवसांची. दोन लाखांहून जास्त बुकिंग आलं, सुमारे अडीच हजार कोटी रुपये जमा झाले आणि पहिल्या एक लाख गाड्या कुणाला द्यायच्या हे सोडत काढून ठरवावं लागलं. वर्तमानपत्रांनी याला मागणी म्हटलं. कंपनीनेही तेच मानलं असावं, कारण साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या क्षमतेचा होता.

आता वही उघडू. नॅनोची तीन मॉडेल्स होती. साधं मॉडेल म्हणजे ती गाजलेली लाखाची गाडी: एसी नाही. मधलं जरा बरं, आणि सगळ्यात वरचं एलएक्स. दिल्लीच्या शोरूममध्ये साध्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास आणि एलएक्सची पावणेदोन लाखांजवळ. बुकिंग करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी एलएक्स मागितली. साधं मॉडेल मागणारे जेमतेम एक-पंचमांश.

ज्या किमतीसाठी अभियंत्यांनी पै-पै वाचवली, जी जगभर छापून आली, ती किंमत मोजायला आलेले लोकच कमी होते. एलएक्स मागणारा माणूस स्कूटरवरून उतरून चारचाकीत बसू पाहणारा नसण्याची शक्यता अधिक. घरात आधीच गाडी असावी आणि दुसरी छोटी गाडी गावात फिरायला किंवा मुलीच्या कॉलेजला हवी, असा तो. काही जण तर केवळ कुतूहलापोटी किंवा नंबर लागला तर विकून चार पैसे सुटतील म्हणून आले असणार. सोडत आणि मुदत आली की गर्दी वाढते, हे सदनिकांच्या सोडतीतही आपण बघतोच. ही मागणी खरी होती, पण ती एका वेळची होती. घरातली दुसरी गाडी एकदा घेतली की दरवर्षी कुणी घेत नाही.

मग ज्याच्यासाठी गाडी बांधली, तो कुठे होता? त्याचा महिन्याचा हिशेब ढोबळपणे मांडून पाहू. रस्त्यावर येईपर्यंत साधी नॅनो समजा दीड लाखाला पडली आणि नव्वद टक्के कर्ज मिळालं, तर बारा टक्के व्याजाने पाच वर्षांचा हप्ता तीन हजारांच्या घरात जातो. महिन्याला पाचशे किलोमीटर फिरायचं, गाडी लिटरला वीस किलोमीटर देणार, पेट्रोल तेव्हा पन्नासेक रुपये, म्हणजे आणखी साडेबाराशे. विमा आणि देखभाल वेगळी. त्याच्या दारातली मोटारसायकल याच पाचशे किलोमीटरला पाचशे रुपयांचं पेट्रोल पिते आणि तिचं कर्ज बहुधा फिटलेलं असतं. त्याच्यासाठी प्रश्न एक लाखाचा नव्हताच, पाचशेच्या जागी सव्वाचार हजार दरमहा कुठून आणायचे, हा होता. त्यातून उत्पन्नाचा कागद नसलेल्या दुकानदाराला किंवा कारागिराला बँक कर्ज द्यायला तयार नसे.

हे खरं की नाही, हे तपासण्याची संधी २०१०च्या शेवटी आपोआप आली. जुलैमध्ये नऊ हजार गाड्या गेल्या होत्या, ऑक्टोबरमध्ये तीन हजारांवर आल्या, नोव्हेंबरमध्ये फक्त ५०९. त्याआधी काही नॅनोंना आग लागल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्याचा धक्का होताच. कंपनीने ग्राहकांना जादा सुरक्षा साहित्य फुकट बसवून द्यायची तयारी दाखवली. पण डिसेंबरमध्ये वॉरंटी चार वर्षांची झाली, नव्वद टक्क्यांपर्यंत कर्जाची सोय झाली आणि विक्री पाच हजारांच्या वर गेली. भीती आणि कर्ज, दोन्ही अडसर एकदम काढले म्हणून कुठल्याचा किती वाटा, ते सांगता येत नाही. एवढं मात्र दिसतं की अडसर काढले की थोडी मागणी होती. २०११-१२ हे नॅनोचं सर्वांत चांगलं वर्ष ठरलं, ७४,५२७ गाड्या. आणि हे सर्वोत्तम वर्षही कारखान्याच्या क्षमतेच्या एक-तृतीयांशापर्यंत पोहोचलं नाही.

वेळेचा दोष लोक सिंगूरवर टाकतात. ऑक्टोबर २००८मध्ये कारखाना तिथून हलवावा लागला, साणंद सुरू व्हायला जून २०१० उजाडला, मधल्या काळात पंतनगरच्या थोड्या गाड्यांवर भागवावं लागलं. कौतुक ताजं होतं तेव्हा गाडी मिळाली नाही, हे खरंच. पण वही नीट वाचली तर मला उलट वाटतं. उशिरामुळे नुकसान झालं ते त्या एकदाच येणाऱ्या मागणीचं. गाडी वेळेवर आली असती, तर तीच मागणी पहिल्या दीड-दोन वर्षांत संपली असती आणि अडीच लाखांचा कारखाना तेवढाच रिकामा राहिला असता.

किंमत आणि दर्जा यांचं नातं पुढे अधिक स्पष्ट झालं. नॅनोची मागची डिकी बाहेरून उघडत नव्हती, सामान आतून सीटमागे ठेवावं लागे. पेट्रोल पुढचं बॉनेट उघडून भरायचं. कागदावर या बचती शहाण्या होत्या, पण पंपावरचा पोरगा बॉनेट उघडताना मागे रांग लागली की गाडीतल्या माणसाला काय वाटतं, हे कागदावर येत नाही. कंपनीने या तक्रारी ऐकल्या. २०१४मध्ये पॉवर स्टिअरिंग आलं, २०१५च्या नॅनोला उघडणारी डिकी आणि ऑटो गिअर. पण किंमत आता दोन लाखांपासून सुरू होत होती, आणि ऑक्टोबर २०१२मध्ये नव्या अल्टोची सुरुवातच २ लाख ४४ हजारांवर झालेली होती. एवढ्या थोड्या फरकात कुठलाही घरातला वडीलधारा मारुतीच घे म्हणणार. २०१६-१७मध्ये नॅनोच्या ७,५९१ गाड्या खपल्या.

रतन टाटांनी २०१३मध्ये सांगितलं की सर्वांत स्वस्त म्हणून गाडी विकली गेली, ती चूक होती. माझं एवढ्याने समाधान होत नाही. आधी लाखाचा आकडा जाहीर झाला आणि त्या आकड्यात बसेल अशी गाडी बांधली गेली; तेव्हा स्वस्तपणा जाहिरातवाल्यांनी बाहेरून चिकटवलेला नव्हता, तो डिकीत आणि बॉनेटमध्ये होता. आणि त्या स्वस्तपणावर डोळा ठेवून आलेले लोक वहीत पाचातले एक होते. मे २००९मध्ये कुणी एवढंच मोजून अडीच लाखांचा कारखाना टप्प्याटप्प्याने उभारायला सांगितलं असतं, तर साणंदमधल्या यंत्रांची मोठी किंमत तरी वाचली असती.