इच्छा हरवते, पण कुठून?

जोडपं दवाखान्यात येतं. बोलतो नवरा. "हिला इच्छाच होत नाही, एखादी गोळी द्या." बायको खाली मान घालून बसलेली. जाणता डॉक्टर अशा वेळी नवऱ्याला थोडा वेळ बाहेर बसवतो आणि तिलाच विचारतो, याचा त्रास तुम्हाला होतोय का? तिला नसेल, तर हा आजार नव्हे; दोघांच्या भुकेतला तो फरक आहे.

गोळी नाही असं नाही. व्हायग्रा 1998 मध्ये आली, तेव्हापासून बायकांसाठीही तशीच हवी म्हणून शोध सुरू होता. दोनदा नाकारली गेलेली फ्लिबान्सेरिन अमेरिकेत 2015 मध्ये मंजूर झाली आणि 'गुलाबी व्हायग्रा' म्हणून गाजली. खरं तर व्हायग्रा रक्तपुरवठ्यावर काम करते, ही मेंदूतल्या रसायनांवर. ती रोज रात्री घ्यायची, त्यात दारूशी जमत नाही. रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. एवढं करून चाचण्यांमधला फायदा काय, तर बिनऔषधी गोळीच्या तुलनेत महिन्याला साधारण अर्धा ते एक समाधानाचा प्रसंग जास्त!

म्हणून डॉक्टरचा खरा प्रश्न वेगळाच असतो. इच्छा सगळीकडूनच गेली, की फक्त नवऱ्याजवळ? स्वप्नात, एकांतात ती डोकावत असेल, तर हार्मोन्सवर संशय घेण्याआधी अबोला, धाक, संबंधांच्या वेळचं दुखणं, भिंतीपलीकडे जागी असलेली सासू यांची चौकशी करावी. कॅनडाच्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी 2000 मध्ये मांडलं, की जुन्या नात्यात पुष्कळ बायकांची इच्छा स्पर्शानंतर जागी होते. आधी जाणवत नाही म्हणजे ती नाहीच, असं नव्हे.

इथपर्यंत आलं की 'सगळं नात्यातच असतं' म्हणावंसं वाटतं. ते मात्र गोळीवाल्यांइतकंच आळशी उत्तर आहे.

समजा, छत्तीस वर्षांची एक बाई. नैराश्यासाठी आठ महिने एस्सिटॅलोप्रॅम चालू. मन सावरलं, झोप लागू लागली, नवराही समजूतदार; पण गोळी सुरू झाल्यावर महिन्याभरात इच्छा गेली, ती एकांतातूनही. नैराश्यानेही इच्छा जाते, पण तसं असतं तर मन सावरताना ती परतायला लागली असती. इथे क्रम उलटा आहे, त्यामुळे संशय गोळीवरच. डॉक्टर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन पाहील, पाळी अनियमित असेल तर प्रोलॅक्टिनही. मग मानसोपचारतज्ज्ञाशी बोलून डोस कमी करता येतो, किंवा औषध बदलून ब्युप्रोपिऑनसारखं देऊन पाहता येतं.

पाळी गेल्यावर कोरडेपणामुळे दुखत असेल, तर आधी तिथे लावायचं इस्ट्रोजेन. टेस्टोस्टेरॉनचा विचार पाळी गेलेल्या मोजक्याच बायकांत होतो, आणि रक्तातल्या त्याच्या पातळीवरून इच्छा कमी असल्याचं निदान होत नाही.

तेव्हा डॉक्टरकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, आणि त्यातली एकही स्वतःहून बंद करू नका.