फुकटचे अठ्ठावीस पैसे

आमच्या मालवणात कुणी जहाजावर असतो, त्याचा पगार डॉलरमध्ये. कुणी दुबईत, त्याचा दिरहममध्ये. त्यामुळे चहाच्या टपरीवरही ‘आज रेट काय?’ हा प्रश्न ऐकू येतो. या दोन पगारांमुळेच मला एक प्रश्न छळतो: काहीही न पिकवता, न विकता, फक्त पैसे गोल फिरवून मिळालेला नफा कुणाच्या खिशातून येतो?

१९९७पासून एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम, हा दर अमिरातीने बांधून टाकलेला आहे. आता धरून चालू, की डॉलर ८४ रुपयांना आहे आणि दिरहम २२.९५ रुपयांना. ८४ रुपये देऊन एक डॉलर घ्या, त्याचे ३.६७२५ दिरहम करा, ते विकून पुन्हा रुपये करा. हातात येतात ८४ रुपये २८ पैसे. म्हणजे रुपयामागे जेमतेम एक तृतीयांश पैसा, लाखामागे साधारण ३३८ रुपये. यालाच त्रिकोणी आर्बिट्राज म्हणतात.

लगेच बॅग भरू नका. मनी चेंजरकडे घेण्याचा दर वेगळा, देण्याचा वेगळा. समजा तो डॉलर ८५ला विकतो, डॉलरमागे ३.६६ दिरहम देतो आणि दिरहम २२.६०ला घेतो. त्याच फेरीत ८५ रुपयांचे ८२ रुपये ७२ पैसे होतात. रुपयामागे पावणेतीन पैशांच्या आसपास तोटा! घेण्या-देण्याच्या दरांतलं अंतर फटीपेक्षा मोठं असेल, तर कागदावरचा नफा कागदावरच राहतो. म्हणून ही फट बँकांचे संगणकच टिपतात, तीही क्षणभर.

आता ‘कुणाच्या खिशातून’. पहिलं उत्तर सोपं आहे: ज्याने दर बदलायला उशीर केला त्याच्या. त्याच्याबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही, दर सांगणं हाच त्याचा धंदा आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही. सगळेच दिरहम विकायला लागले की दिरहम उतरतो. डॉलर ८४वरच राहिला, तर तो सुमारे २२.८७वर येऊन थांबतो, कारण तिथे फेरीत काहीच उरत नाही. दुबईतला आमचा माणूस घरी हजार दिरहम पाठवतो, त्याला आता साधारण ७७ रुपये कमी मिळतात.

दर ‘बरोबर’ झाला आणि त्याचं नुकसान झालं. त्याने लबाडी केली नव्हती, त्रिकोणही फिरवला नव्हता. उलट दिरहम चुकून २२.८०ला असता, तर त्याच व्यापाऱ्यांनी उलट फेरी मारून त्याला सात पैसे वर चढवून दिले असते, तेही त्याचा विचार न करता. आर्बिट्राज करणाऱ्याला मी चोर म्हणत नाही. पण तो बाजाराची सेवा करतो असं कुणी म्हणालं, की मी विचारते: या खेपेला पगार पाठवणारा फटीच्या कुठल्या बाजूला उभा होता?