माफी नेमकी कशाची मागायची?

निकाल लागले की महाविद्यालयांच्या व्हरांड्यात मुलं हातात एक छापील कागद घेऊन फिरू लागतात. त्यावर प्रयोगशाळा, जिमखाना, वसतिगृह, ग्रंथालय, लेखा विभाग असे रकाने असतात. प्रत्येक रकान्यात सही-शिक्का पडला की ‘नो ड्यूज’ पूर्ण होतं आणि मगच टीसी मिळते. ग्रंथालयाच्या खिडकीपाशी मात्र एखादा मुलगा किंवा मुलगी थबकते. तिच्या नावावर पुस्तक बाकी असतं, आणि ते पुस्तक तिच्याकडे नसतं.

एका तालुक्याच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीवर मी काही वर्षं होतो. तिथे प्राचार्यांकडून अभिप्रायासाठी आलेला एक अर्ज मला आजही महत्त्वाचा वाटतो. बी.कॉम. झालेल्या मुलीला पुण्यात एम.कॉम.ला प्रवेश मिळाला होता आणि टीसी जमा करायला जेमतेम आठवडा उरला होता. आदल्या ऑगस्टमध्ये नेलेलं कॉस्ट अकाउंटिंगचं पुस्तक एसटीत राहिलं होतं. डेपोत चौकशी करूनही ते मिळालं नाही. ग्रंथपालांना सांगायची भीती वाटली म्हणून ती गप्प राहिली, आणि रोजचे दोन रुपये तिच्या नावावर चढत राहिले. हिशेब झाला तेव्हा आकडा 1510 रुपयांवर पोचला होता. अर्जात एकच मागणी होती, ‘घरची परिस्थिती हलाखीची असल्याने संपूर्ण दंड माफ करावा.’

समितीत लगेच दोन तट पडले. मुलगी गरीब आहे, सोडून द्या, असं एकाचं म्हणणं. नियम म्हणजे नियम, आज हिला सोडलं तर उद्या रांग लागेल, असं दुसऱ्याचं. दोघेही 1510 या एकाच आकड्याकडे बघत होते. ग्रंथपालांनी तो आकडा कागदावर फोडून दाखवला. पुस्तकाच्या आजच्या आवृत्तीची किंमत 420 रुपये. हरवल्यास दुप्पट किंमत असा नियम, म्हणून आणखी 420. नव्या प्रतीची नोंद, शिक्के, लेबल यांचे 50. आणि 310 दिवसांच्या उशिराचे 620.

या चार रकमा एका पावतीवर येत असल्या तरी नैतिकदृष्ट्या एका जातीच्या नाहीत. पुस्तकाची किंमत ही पुढच्या विद्यार्थ्याची आहे. पुढल्या वर्षी तो मुलगा कपाटापाशी येईल आणि त्या जागी पुस्तक नसेल, तर माफी त्याच्या खिशातून दिली गेली असं होईल. तो बिचारा समितीच्या बैठकीला नसतो, म्हणून त्याच्या वतीने कोणी बोलत नाही. ही रक्कम विद्यार्थिनीने माफ करून मागू नये आणि प्राचार्यांनीही उदार होऊन सोडू नये. नोंदणीचे 50 रुपयेही खऱ्या खर्चाचेच आहेत.

उशिराच्या दंडाचं तसं नाही. पुस्तक वेळेत परत यावं, म्हणून तो आहे. जे पुस्तक एसटीत राहिलं ते रोज दोन रुपये आकारल्याने परत येणार नव्हतं. हरवल्याच्या दिवसानंतर हा दंड कोणाचंही नुकसान भरून काढत नाही, तो फक्त वाढतो. दुप्पट किमतीतला दुसरा हिस्सा धाकासाठी असतो. पुस्तक हवं म्हणून ‘हरवलं’ सांगून ते घरी ठेवणारे असतात, त्यांच्यासाठी तो धाक हवाही. पण प्रामाणिक चुकीपुढे तो मागे घेता यायला हवा.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कोणाच्या लक्षात आली नव्हती. प्रवेशाच्या वेळी मुलीने ग्रंथालयाची अनामत म्हणून 500 रुपये भरले होते. म्हणजे पुस्तकाची किंमत आणि नोंदणीखर्च मिळून होणारे 470 रुपये महाविद्यालयाकडे आधीपासून जमा होते. तरीही तिचा दाखला अडला होता. अनामत ज्या प्रसंगासाठी घेतात तो प्रसंग आला, तेव्हाच ती विसरली गेली.

ग्रंथपालांची बाजूही ऐकायला हवी. दाखल नोंदवहीत प्रत्येक प्रतीला क्रमांक असतो आणि पडताळणीत प्रत सापडली नाही की पहिला प्रश्न त्यांना विचारला जातो. गहाळ पुस्तकं आपल्या पगारातून वसूल होतील, या धास्तीत अनेकांची सगळी नोकरी सरते. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत, वर्षभरात वाचकांनी हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ होणं वाजवी मानलं आहे. अट एवढीच की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मीळ ग्रंथाची मात्र चौकशी व्हायलाच हवी, असंही तिथे म्हटलं आहे. हे नियम केंद्रीय कार्यालयांसाठी आहेत, आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयाला ते बंधनकारक नाहीत. तरी त्यातली समज घेण्यासारखी आहे. वापरात असलेल्या ग्रंथालयात काही पुस्तकं हरवणारच. ग्रंथपालांना लेखी संरक्षण मिळालं, तर खिडकीवरचा त्यांचा सूरही थोडा मवाळ होईल.

समितीच्या सांगण्यावरून मुलीने दुसरा अर्ज लिहिला. ‘मा. प्राचार्य, ग्रंथपालांमार्फत’ असा मायना, पुस्तकाचं नाव, दाखल क्रमांक, नेल्याची तारीख, कुठे व कसं हरवलं, आणि वेळेवर कळवलं नाही ही चूक, सगळं चार ओळींत. पुढे लिहिलं होतं की किंमत व नोंदणीखर्च अनामतीतून वळता करून घ्यावा, उशिराचा दंड आणि जादा किंमत माफ करावी. सोबत उत्पन्नाचा दाखला आणि नव्या प्रवेशाचं पत्र. ग्रंथपालांनी शेरा मारला की तीन वर्षांत हिच्याकडून एकही पुस्तक उशिरा आलेलं नाही. प्राचार्यांनी त्याच दिवशी मंजुरी दिली. 1040 रुपये माफ झाले, अनामतीतले 30 रुपये तिला परत मिळाले आणि ग्रंथालयाने त्याच पुस्तकाची नवी प्रत मागवली.

पहिल्या अर्जात गरिबी पुढे केलेली होती, दुसऱ्यात हिशेब. मला दुसरा अर्ज अधिक स्वाभिमानी वाटतो, आणि तो मंजूर करणंही सोपं होतं, कारण पुढे ज्यांना हवी असेल त्यांनाही हीच वागणूक देता येते. रांग लागली तरी हरकत नाही, अशीच ती मंजुरी होती. हा तोडगा सगळीकडे चालत नाही, हेही खरं. पुस्तक आता छापलंच जात नसेल, तर मागे छापलेली चाळीस रुपये किंमत भरून ते परत येत नाही. तिथे विद्यार्थ्याने जुन्या बाजारात प्रत शोधायचा खरा प्रयत्न करावा आणि समितीने त्याला त्यासाठी वेळ द्यावा. पण तेवढ्यासाठी टीसी रोखू नये. हमीपत्र घेऊन ती देता येते. पुस्तकाच्या नुकसानीची भरपाई विद्यार्थ्याचं वर्ष बुडवून होत नाही.

प्राचार्यांना माझी विनंती आहे की पुढचा अर्ज येण्याआधीच ग्रंथालय समितीची बैठक घ्या आणि तीन गोष्टी नियमात लिहून टाका. उशिराचा दंड पुस्तकाच्या किमतीहून कधीही जास्त होणार नाही. हरवल्याचं लेखी कळवलं की त्या दिवसापासून दंड थांबेल. आणि दाखला अडवण्याआधी अनामत वळती केली जाईल. हे नियम ग्रंथालयाच्या खिडकीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत लावा. आणि ज्या विद्यार्थ्याकडून आज पुस्तक हरवलं असेल, त्याने निकालाची वाट न बघता उद्या सकाळीच ग्रंथपालांना जाऊन सांगावं.