‘पंधरा दिवसांनी या’ असं लिहिलंस कसं?

बसू नकोस, उभाच राहा. हा कालचा तुझा रिपोर्ट मोठ्यांदा वाच, सगळ्यांना ऐकू दे. ‘गर्भपिशवी रिकामी. उजव्या ओव्हरीशेजारी अडीच सेंटीमीटरची गाठ, बहुधा कॉर्पस ल्युटियम. फार लवकरची प्रेग्नन्सी, पंधरा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी.’ खाली तुझी झोकदार सही. फॉर्म एफ मात्र एकही रकाना न सोडता भरलास! त्याच्या निम्मं लक्ष स्क्रीनकडे दिलं असतंस तर?

उमरेडकडची सत्तावीस वर्षांची बाई. पाळी चुकलेली, सव्वासहा आठवड्यांचा हिशोब, लघवीची टेस्ट पॉझिटिव्ह, थोडं तपकिरी डाग लागणं, उजवीकडे ओटीपोटात दुखणं. तुझा कागद घेऊन ती एसटीने घरी गेली. रात्री खांदा दुखायला लागला, घरच्यांनी बाम चोळला. पोटातलं रक्त श्वासपटलाला लागलं की कळ खांद्यात येते, हे त्यांना ठाऊक नसणारच. तुला ठाऊक असायला हवं होतं. पहाटे न्हाणीत चक्कर येऊन पडली आणि 108 ने आली तेव्हा नाडी 130 होती. पोट उघडलं तर दीड लिटर रक्त आणि फुटलेली उजवी ट्यूब. बाई वाचली, ट्यूब गेली.

आता सांग, गर्भपिशवी रिकामी म्हणजे काय? तीन शक्यता. दिवस खरंच कमी असतील, गर्भ पडून गेला असेल किंवा तो भलत्याच जागी रुजला असेल. रिकामी पिशवी ही नुसती खूण आहे, निदान नव्हे, आणि तू तिलाच निदान करून मोकळा झालास. तिची बीटा एचसीजी 2600 होती, फाईलमध्येच होती. पान उलटायला काय झालं होतं रे? साधारण 1500 ते 2000 च्या पुढे योनीमार्गाच्या सोनोग्राफीत पिशवीत सॅक दिसायला हवी. कुणी सावधपणे 3500 पर्यंत वाट बघायला सांगतात, मान्य. पण ती सवलत कुठेच काही दिसत नसेल तेव्हाची. ओव्हरीशेजारी गाठ दिसत असताना आकड्याच्या आड लपता येत नाही. आणि आकडा कमी म्हणून निर्धास्तही राहायचं नाही, हजाराच्या आतही ट्यूब फुटते.

तू भरलेल्या मूत्राशयावर पोटावरून प्रोब फिरवलास आणि उठलास. टीव्हीएसचा प्रोब त्याच मशीनला लटकत होता. तो लावून गाठीवर हलकेच दाब द्यायचा, दुसरा हात पोटावर. गाठ ओव्हरीबरोबर सरकली तर ती ओव्हरीतली, म्हणजे कॉर्पस ल्युटियम असण्याची शक्यता मोठी. दोघी वेगवेगळ्या सरकल्या तर गाठ ट्यूबमधली समज. डॉपलरवरच्या लाल कड्यावर भाळू नकोस, तसं कडं कॉर्पस ल्युटियमलाही असतं. मग पिशवीच्या मागच्या खोबणीत बघायचं. तिथलं पाणी काळंभोर स्वच्छ आहे, की त्यात राखाडी कण तरंगताहेत? कण असतील तर ते रक्त समजायचं. मग पोटावरचा प्रोब वर नेऊन यकृत आणि उजव्या मूत्रपिंडाच्या मधली फट बघ. तिथवर रक्त चढलं असेल तर बराच रक्तस्राव झालेला असतो.

घाई कशासाठी, असं काल तू सिस्टरला म्हणालास म्हणे. ट्यूब म्हणजे काय गर्भपिशवी आहे, जाड भिंतीची? गर्भाच्या पेशी तिची पातळ भिंत कुरतडत रक्तवाहिनीपर्यंत पोचतात. रक्त पोटात साचतं, बाहेर येतो तो एखादा डाग. तरुण बाईचं शरीर बराच वेळ रक्तदाब धरून ठेवतं, ताज्या रक्तस्रावात हिमोग्लोबिनही लगेच घसरत नाही. त्यामुळे 110 चा बीपी बघून आपण खुशाल ‘स्टेबल’ लिहितो. काल गाठ न फुटलेली आणि साडेतीन सेंटीमीटरच्या आत होती, एचसीजी पाच हजारांखाली. गर्भाचे ठोके नसते आणि बाकी तपासण्या ठीक आल्या असत्या, तर मेथोट्रेक्सेटवर निभावण्याचा विचार तरी करता आला असता. आज ती वाटच उरली नाही.

उलट टोकालाही जाऊ नकोस. पिशवी रिकामी, बाजूला काही नाही, पोटात रक्त नाही, बाई ठणठणीत, अशा वेळी 48 तासांनी एचसीजी पुन्हा करायची. घाईने मेथोट्रेक्सेट देऊन कुणाचा हवाहवासा गर्भ मारायचा नाही. पण 48 तास म्हणजे 48 तास, पंधरा दिवस नव्हेत. आणि दुखणं वाढलं, चक्कर आली तर तत्क्षणी ये, हे तिला आणि सोबतच्या माणसाला समोर बसवून सांगायचं.

गाठ वेगळी दिसली की बाईला टेबलावरून उठून एकटीला चालत जाऊ द्यायचं नाही. दोन जाड सुया, रक्तगट, क्रॉसमॅच, आणि गायनॅकला फोन तू स्वतः करायचा. रिपोर्ट टाईप होईस्तोवर थांबायचं नाही.

हं, जा आता. बाहेर पारशिवनीची एक मुलगी बसली आहे, सहा आठवडे, पोटात दुखतंय. तिला लघवी करून यायला सांग आणि टीव्हीएसचा प्रोब काढ. मी शेजारी उभी आहे.