१६ टक्क्यांचे ४ टक्के

भावनगरच्या असोसिएटेड रबर इंडस्ट्री या कंपनीतल्या कामगारांच्या हाती १९६९ या वर्षाचा बोनस पडला तो ४ टक्क्यांनी. आदल्या पद्धतीने हिशेब झाला असता तर तो १६ टक्के निघाला असता. वर्षाचा पगार २,००० रुपये धरला, तर ३२० रुपयांच्या जागी ८० रुपये. बोनसच्या भरवशावर वाण्याची उधारी आणि मुलांचे कपडे पुढे ढकललेल्या घरात या फरकाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ४ टक्के हा तेव्हाच्या बोनस कायद्याचा तळ होता. तोटा झाला तरी तेवढा बोनस द्यावाच लागे.

मग मधले १२ टक्के गेले कुठे? कंपनीने पूर्वी साडेचार लाख रुपये घालून इनारको या दुसऱ्या कंपनीचे शेअर घेतले होते. त्यांच्यावरचा लाभांश दरवर्षी नफा-तोटा पत्रकात जमा होई. बोनसचा हिशेब तिथूनच सुरू होतो. एकूण नफ्यातून कायद्याने ठरवलेल्या वजावटी करायच्या, उरेल त्यातला ठरावीक हिस्सा कामगारांचा. १९६८ साली कंपनीने स्वतःच्या पूर्ण मालकीची एक नवी कंपनी काढली आणि ते शेअर तिच्या नावावर केले. लाभांश येत राहिला, पण नव्या कंपनीच्या वहीत. जुन्या वहीत नफा घटला, वजावटींनंतर उरणारी रक्कम आटली आणि बोनस तळाला टेकला. ना कुणी चोरी केली, ना खोटी सही. प्रत्येक कागद कायदेशीर होता.

कामगार औद्योगिक न्यायाधिकरणात गेले आणि हरले. उच्च न्यायालयातही हरले. दोन्हीकडे उत्तर एकच मिळालं: या दोन वेगळ्या कंपन्या आहेत, एकीचा नफा दुसरीच्या हिशेबात धरता येणार नाही. हे उत्तर हवेतून आलेलं नव्हतं. लंडनचे बूट बनवणारे ॲरन सॉलोमन यांनी आपल्या धंद्याची कंपनी केली. जवळजवळ सगळे शेअर त्यांचे, घरच्या सहा जणांकडे प्रत्येकी एक. कंपनी बुडाली तेव्हा १८९६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं, की कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे, तिचं कर्ज सॉलोमन यांच्या बोकांडी बसवता येणार नाही. आज कुणीही घरदार गहाण न टाकता कंपनीत पैसे घालतो, तो याच भिंतीच्या आधाराने. ती भिंत मलाही हवी आहे.

पण भिंत कशासाठी उभी केली, हे न्यायालयाने विचारायलाच हवं. मुंबई उच्च न्यायालयाने १९२७ साली ते विचारलं होतं. सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांनी कर वाचवण्यासाठी चार खासगी कंपन्या काढून आपली गुंतवणूक त्यांच्या नावे केली होती. व्याज-लाभांश कंपनीकडे जाई आणि ‘कर्ज’ म्हणून त्यांच्याकडेच परत येई. न्यायालयाने तो पैसा त्यांचंच उत्पन्न मानला.

भावनगरच्या कामगारांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि १९८५ साली न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी नवी कंपनी उघडून पाहिली. इनारकोच्या शेअरखेरीज तिच्याकडे काहीही नव्हतं. त्या लाभांशाशिवाय तिला उत्पन्न नव्हतं. मूळ कंपनीचा नफा कमी दिसावा, यापलीकडे तिला कामच नव्हतं. तेव्हा लाभांश पुन्हा मूळ कंपनीच्या हिशेबात धरून बोनस काढा, असा निकाल झाला. दोन कंपन्यांमधला पडदा फाडला तो एवढ्यापुरताच. नवी कंपनी कुणी मोडीत काढली नाही.

म्हणजे कंपनी कुणाच्या मालकीची हा प्रश्न नाही, तिचं स्वतःचं काही काम आहे का हा आहे. आणि इथेच मला अस्वस्थ व्हायला होतं. एअर इंडियाच्या कँटीनमधल्या कामगारांनी आम्ही एअर इंडियाचेच नोकर आहोत असं म्हटलं. कँटीन चालवी हॉटेल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, आणि तिचे सगळे शेअर तेव्हा एअर इंडियाकडे होते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं फेटाळलं: मालकी आणि नियंत्रण पुरेसं नाही, जबाबदारी चुकवण्यासाठीच उभं केलेलं सोंग असेल तरच पडदा हटेल. हॉटेल कॉर्पोरेशनचा धंदा खरा होता. कायद्याच्या दृष्टीने निकालाला बोट लावता येणार नाही. पण ज्या मालकाला जबाबदारी झटकायची आहे, त्याला यातून धडा मिळतोच: दुसरी कंपनी काढायची तर ती रिकामी ठेवू नये, चार खरी कामं तिच्या गळ्यात बांधावीत. त्यानंतर तिच्या कामगाराने तिच्यामागचा खरा मालक दाखवायचा कसा? पगाराच्या चिठ्ठीवर नाव एकाचं, हुकूम दुसऱ्याचा, हे त्याला रोज दिसतं; न्यायालयात मात्र हेतू शाबीत करावा लागतो, आणि हेतूचे कागद मालकाच्या कपाटात असतात.

भावनगरला तो हेतू उघडा पडला, कारण तिथे कंपनी अगदीच पोकळ होती. तरीही १९६९च्या बोनसचा निकाल लागायला १९८५ उजाडलं.