गृहपाठ नेमका कुठे अडतो?

बी.एड.च्या कृतिसंशोधनात एक विषय हमखास भेटतो: ‘गृहपाठाच्या सवयींचा शैक्षणिक संपादणुकीवर होणारा परिणाम’. एका वर्गात, एका सत्रात या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे. नियमित गृहपाठ करणाऱ्या मुलांना गुण जास्त पडतात, एवढं दिसेल. पण त्यातल्या अनेकांच्या घरी अभ्यासाला बसवणारं कुणीतरी असतं, काहींना धडा वर्गातच कळलेला असतो. गुण गृहपाठामुळे वाढले की दोन्ही गोष्टी घरामुळेच घडल्या, हे चाळीस मुलांच्या गुणपत्रिकांवरून सांगता येत नाही. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यातही गृहपाठ आणि गुण यांचा संबंध वरच्या वर्गांत ठळक, तर प्राथमिक वर्गांत फिका दिसला.

मग लहान अभ्यासाने विचारायचं काय? बेंगळुरूतला एक प्रश्न घेऊ. २०१५ च्या कायद्यानंतर कर्नाटकातल्या शाळांत कन्नड टप्प्याटप्प्याने सक्तीची होत गेली. त्यामुळे मराठी, हिंदी, तमिळ बोलणाऱ्या घरांतली मुलंही कन्नडचा गृहपाठ घेऊन घरी जातात, आणि घरात तो वाचू शकणारं कुणी नसतं. ‘ही मुलं गृहपाठ करत नाहीत’ ही शिक्षकांची तक्रार झाली. तिचा प्रश्न करायचा तर प्रश्नावली वाटण्याआधी मागच्या पंधरवड्याच्या वह्या उघडाव्यात.

वहीत तीन प्रकारची पानं सापडतील. एकावर तारीख आणि धड्याचं नाव आहे, खाली सगळं कोरं. दुसऱ्यावर दोन उत्तरं आहेत, तिसऱ्याच्या मधोमध पेन थांबलंय. तिसरं पान पूर्ण आणि नीटनेटकं आहे, पण कन्नडमध्ये अक्षराखाली जोडायचं व्यंजन ज्या ठिकाणी चुकलंय, त्याच ठिकाणी आणखी दोन वह्यांतही चुकलंय. पहिलं मूल बहुधा सुरुवातच करू शकलेलं नाही, दुसरं शब्दांपाशी अडलंय, तिसऱ्याने उतरवून घेतलंय. या तिघांना ‘गृहपाठाची सवय नाही’ या एकाच रकान्यात टाकलं, की अभ्यास तिथेच संपला.

समजा, कोरी पानं सर्वांत जास्त निघाली. आता प्रश्न असा होतो: पाचवीतल्या, घरी कन्नड न बोलणाऱ्या मुलांना गृहपाठाचं पहिलं वाक्य तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत वर्गातच लिहायला लावलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांचा गृहपाठ जास्त वेळा पूर्ण होतो का? परिकल्पना याच प्रश्नातून निघते, आणि तिला कारणही असावं लागतं: अडचण सुरुवातीची असेल, तर सुरुवात करून दिल्याने ती हटावी. ‘पूर्ण’ म्हणजे काय, हेही आधीच लिहून ठेवावं. उत्तरं लिहिलेली असणं पुरेसं नाही. लिहिलेल्यातलं एक वाक्य मुलाने दुसऱ्या दिवशी वाचून त्याचा अर्थ सांगितला, तरच पूर्ण. नाहीतर उतरवून घेणारं मूल यशस्वी ठरेल.

चार आठवडे, आठवड्याला दहा मिनिटांचे चार, असे सोळा गृहपाठ. वेळेचंही भान हवं: २०२० च्या दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास गृहपाठ सांगितलाय आणि यातली चाळीस मिनिटं एकट्या कन्नडनेच घेतली. सोळा चिठ्ठ्या कराव्यात, आठांवर ‘वर्गात सुरुवात’, आठांवर ‘नेहमीप्रमाणे’, आणि गृहपाठ ठरवून झाल्यावरच चिठ्ठी उचलावी. नाहीतर सोपा गृहपाठ नकळत ‘सुरुवातीच्या’ दिवशी पडतो. प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच होत असल्याने घरचं वातावरण दोन्हींकडे सारखं राहतं.

अशी बारा मुलं असतील, तर किती जणांत वाढ दिसली की परिकल्पना टिकली म्हणायचं? उपायाचा काहीच परिणाम नसेल आणि कुणाचीही बरोबरी झाली नसेल, तर प्रत्येकाची वाढ किंवा घट नाणेफेकीसारखी. बारांत दहा किंवा अधिक छाप पडण्याची शक्यता सुमारे दोन टक्के. म्हणून ‘किमान दहा’ हा आकडा पहिल्या चिठ्ठीआधी वहीत तारखेसह लिहावा. सात जणांतच वाढ दिसली, तर परिकल्पना हरली असं लिहावं आणि अडचण शब्दांची आहे का, हे पुढच्या सत्रात तपासावं. सुरुवातीपासूनच मुलं सोळापैकी चौदा गृहपाठ पूर्ण करत असतील, तर वाढायला जागाच नाही. तिथे हा अभ्यास हाती घेऊ नये. आणि निकाल काहीही लागला, तरी तो या बारा मुलांपुरता, कन्नडच्या दहा मिनिटांच्या गृहपाठापुरताच आहे.

कृतिसंशोधनाच्या मार्गदर्शक प्राध्यापकांना माझी विनंती आहे: शीर्षक मंजूर करण्याआधी विद्यार्थी-शिक्षकाकडे पंधरवड्याच्या वह्यांची मोजणी मागा, आणि कोणता निकाल आला तर त्याची परिकल्पना चुकीची ठरेल, हे त्याच्याकडून एका वाक्यात लिहून घ्या.