चाकावरचे खाने मोजताना



रविवारची मिस्सा संपल्यावर आपल्या चर्चच्या आवारात पोरे घोळक्याने उभी असतात. पूर्वी त्यांच्यामध्ये क्रिकेटचा स्कोअर चालायचा. हल्ली काहींच्या मोबाइलवर एक मोठे रंगीत चाक फिरताना दिसते. चाकाशेजारी नीटनेटक्या पोशाखातली एक मुलगी उभी असते. ती हसून बोलते, हाताने चाक ओढते आणि सगळे श्वास रोखून बघतात. आम्ही एकाला विचारले, "बाळा, हा जुगार नव्हे का?" तो म्हणाला, "नाही अंकल, यात फसवणूक नाही. चाक आपल्यासमोर फिरतं, सगळं लाइव्ह असतं."

त्याच्या या उत्तराने आम्ही काही दिवस विचारात पडलो. चाक खरोखरच समोर फिरते. खाने मोजता येतात. प्रत्येक आकड्याला किती मिळणार तेही लिहिलेले असते. काहीच लपवलेले नसेल तर मग खेळणाऱ्याचे पैसे जातात कुठे? आणि सगळे उघड्यावर असताना त्याला अन्याय म्हणता येईल का?

यात्रेतली चक्री खानदेशाला नवीन नाही. मोबाइलवरच्या चाकाचे मूळही तसल्याच एका जुन्या चाकात आहे. परदेशातल्या कॅसिनोंत अनेक वर्षांपासून ५४ खान्यांचे एक उभे लाकडी चाक असते. इव्होल्यूशन नावाच्या कंपनीने २०१७ मध्ये त्याच धर्तीवर 'ड्रीम कॅचर' हा खेळ कॅमेऱ्यासमोर आणला आणि २०२० मध्ये 'क्रेझी टाइम' हा आणखी भडक खेळ काढला. आपण यातला साधा, म्हणजे ड्रीम कॅचर, घेऊ आणि कागद-पेन्सिल घेऊन बसू.

या चाकावर २३ खान्यांत १ हा आकडा आहे, १५ खान्यांत २, सात खान्यांत ५, चार खान्यांत १०, दोन खान्यांत २० आणि एकाच खान्यात ४०. हे झाले ५२. उरलेल्या दोन खान्यांपैकी एकावर 'दुप्पट' आणि दुसऱ्यावर 'सातपट' लिहिलेले असते. ५ वर दहा रुपये लावले आणि ५ आला, तर दहाचे पाचपट म्हणजे पन्नास मिळतात आणि आपले दहाही परत येतात.

दुप्पट-सातपट क्षणभर बाजूला ठेवू. समजा आपण ५२ वेळा ५ वर दहा-दहा रुपये लावले आणि प्रत्येक खाना बरोबर एकेकदा आला. आपले ५२० रुपये लागले. ५ हा आकडा सात वेळा आला आणि दर वेळी हातात साठ रुपये पडले, म्हणजे ४२०. शंभर रुपये गेले. कोणी चाक हलवले नाही, कोणी हातचलाखी केली नाही. सात खाने आपल्या बाजूचे आणि ४५ विरुद्ध. तेव्हा एका रुपयाला न्याय्य मोबदला सहा रुपयांहून थोडा अधिक झाला असता. मिळाले पाच. खेळवणाऱ्याचा वाटा या 'सहाच्या वर' आणि 'पाच' यांमधल्या फटीत बसलेला आहे. ४० च्या खान्यात ही फट आणखी रुंद आहे. तिथे ५२० लावून ४१० परत येतात. मोठा आकडा डोळ्यांना जास्त मोहवतो, म्हणून तिथे वाटाही जास्त कापलेला असतो, असे आम्हाला वाटते.

आता दुप्पट-सातपटीकडे येऊ, कारण पोरांचा जीव तिथेच अडकतो. चाक सातपटीच्या खान्यावर थांबले की कोणाचे पैसे जात नाहीत. लावलेले तसेच राहतात, चाक पुन्हा फिरते आणि पुढच्या आकड्याचा मोबदला सातपट होतो. संगीत वाढते, ती मुलगी टाळ्या वाजवते. ही बक्षिसी आहे असे सगळ्यांना वाटते. हिशोब केला तर असे दिसते की या दोन खान्यांमुळे जिंकलेल्या रकमा सरासरीने सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढतात. म्हणजे आपल्या ५ च्या उदाहरणात ४२० ऐवजी सरासरी ४७४ रुपये परत येतात. आधी शंभर काढून घेतले आणि त्यातले ५४ ढोल वाजवून परत दिले. सेलच्या आधी किंमत वाढवून मग सूट लावणारा दुकानदार आपल्याला ओळखू येतो. इथे तो ओळखू येत नाही, कारण सूट क्वचित आणि एकदम मिळते.

या 'क्वचित'वर जरा थांबले पाहिजे. सातपट येऊन लगेच ४० येण्याची शक्यता जवळजवळ तीन हजारांत एक आहे. खेळाच्या नियमांत परताव्याचे जे टक्के छापलेले असतात, त्यांत असल्या दुर्मीळ फेऱ्यांचे पैसेही धरलेले असतात. एका संध्याकाळी पन्नास-साठ फेऱ्या खेळणाऱ्या पोराच्या वाट्याला त्या फेऱ्या बहुधा येतच नाहीत. त्याचा अनुभव ४७४ पेक्षा ४२० च्या जवळ राहतो. ती सरासरी खरी असते, पण बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाच्या तरी खिशात पडलेली असते.

एकाने आम्हाला शहाणपणाची युक्ती सांगितली, "सगळ्या आकड्यांवर लावायचं, म्हणजे दर वेळी जिंकतोच." सहा आकड्यांवर दहा-दहा, म्हणजे साठ रुपये. १ आला तर वीस हातात येतात, २ आला तर तीस. आणि ५२ पैकी ३८ वेळा हेच दोन आकडे येणार. ५ आला तर साठाचे साठ. खरा फायदा फक्त सात वेळा. पण पडद्यावर दर वेळी तुम्ही जिंकलात म्हणून दिवे लागतात. साठ देऊन वीस घेणाऱ्या माणसाचे अभिनंदन होते, आणि त्यालाही ते खरे वाटते.

आणखी एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात येत नाही. वाटा खिशातल्या रकमेवर कापला जात नाही, तो प्रत्येक फेरीवर कापला जातो. फेरी मिनिटभरात संपते. पाचशे रुपये घेऊन बसलेला मुलगा दर फेरीला पन्नास लावत, कधी जिंकत कधी हरत, दोनशे फेऱ्या करतो, तेव्हा त्याने दहा हजार रुपये फिरवलेले असतात. ५ च्या आकड्यावर सातपटीसकट हिशोब केला तरी सरासरी पावणेनऊशे रुपये जातात, म्हणजे आणलेल्या पाचशेहून जास्त. मग उसनवारी. रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणाऱ्या माणसाचे निदान दोन दिवस त्यात गेले. आपल्याच ओळखीच्या एका घरात आईच्या कानातले सोनाराकडे गहाण पडले, आणि तिला ते तीन महिन्यांनी कळले. मुलगा वाईट नाही. गणितात तो बरा होता, असे त्याचे शिक्षक सांगतात.

कायद्याचे म्हणाल तर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. शिक्षा चालकांना, जाहिरात करणाऱ्यांना आणि पैशांची देवघेव करून देणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. हे आम्हाला योग्य वाटते. पण चोरवाटा उरतात, आणि कायद्याने पोराच्या मनातला "सगळं लाइव्ह असतं" हा विश्वास जात नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाकडे. चिठ्ठी टाकणे हे पाप आहे असे पवित्र शास्त्र म्हणत नाही. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच झाली. वधस्तंभाखाली प्रभूच्या अंगरख्यासाठी शिपायांनीही चिठ्ठ्याच टाकल्या. कृती एकच, पण एक जागा प्रार्थनेची होती आणि दुसरी लुटीची. चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथातही (परिच्छेद २४१३) नशिबाचे खेळ मुळातच अन्याय्य ठरवलेले नाहीत. माणसाच्या स्वतःच्या व इतरांच्या गरजेचे पैसे जाऊ लागले की ते अस्वीकार्य होतात, आणि खेळाचा नाद गुलामी बनू शकतो, असा त्याचा आशय आहे. पैज अन्याय्य असेल किंवा खेळात फसवणूक असेल तर ती गंभीर बाब आहे, असेही तिथे सांगितले आहे.

चाकाची पैज अन्याय्य आहे का? कोणी म्हणेल, दर लिहिलेला आहे, घेणाऱ्याने पाहून घ्यावे. आम्हाला हे पटत नाही. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो असे नीतिसूत्रांत आहे. भाजीवाल्याने नऊशे ग्रॅमच्या वजनावर 'नऊशे ग्रॅम' असे बारीक अक्षरांत कोरले आणि तोंडाने मात्र "किलो घ्या, किलो घ्या" ओरडला, तर त्याला आपण प्रामाणिक म्हणणार नाही. चाकावर 'पाचपट' मोठ्या अक्षरांत असते. 'पण सहापटीहून जास्त मिळायला हवे होते' हे कुठेच नसते. तसे लिहून त्याने रात्रभर पन्नास-पन्नास रुपये मागितले असते, तर आमची तक्रार निम्मी झाली असती. उरलेली निम्मी त्या रात्रभर चालण्याबद्दल आहे. हाउझीचा डाव संपतो आणि माणसे घरी जातात. हे चाक थांबत नाही.

आणि इथेच आम्हाला थोडी लाज वाटते. गेल्या वर्षी चर्चच्या सणाला आपणही एक चाक लावले होते. दहा खाने, दहा रुपयांचे तिकीट आणि एका विजेत्याला पन्नास रुपयांची वस्तू. दहाही खाने विकले गेले की शंभर जमत आणि पन्नास उरत. ड्रीम कॅचरच्या सगळ्यात वाईट आकड्यावर शंभरातले नऊ-साडेनऊ जातात, आपल्या चाकावर पन्नास जात होते. पैसे मुलांच्या शाळेच्या फीसाठी होते आणि संध्याकाळी चाक उतरवले. हा फरक मोठा आहे, असे आम्ही स्वतःला सांगितले. पण त्या पोरांपैकी दोघे तिथे तिकिटे फाडत होते, आणि निम्मे पैसे देणगी आहेत हे आपण फळ्यावर लिहिले नव्हते. येत्या धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत हा विषय घेतला आहे. चाक ठेवायचे तर खाने, बक्षिसाची किंमत आणि उरणारी रक्कम मोठ्या अक्षरांत लिहायची, असा एक प्रस्ताव आहे. चाकच नको, त्याऐवजी भरीत-भाकरीचा स्टॉल वाढवावा, असे महिला मंडळाचे म्हणणे आहे. बैठक दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या वर्गात होईल. पोरांनाही बोलावले आहे.